वडिलांचं टक्कल आणि रूममेटचे केस: खाली बघूनही बरं का वाटत नाही, त्याचं एक प्रकरण

माझ्याकडे आलेल्या एका मुलाचं हे प्रकरण आहे, ते लिहायला त्याची परवानगी आहे, आणि गाव, नोकरी, नातेवाईक असे ओळख पटेल ते सगळे तपशील मी बदललेत. मी पुण्यात समुपदेशनाचं काम करते. दिसण्यावरून त्रास होतोय असं सरळ सांगत येणाऱ्यांत माझ्याकडे मुलीच जास्त असतात. मुलं येतात ती झोप लागत नाही, कामात लक्ष नाही असं काहीतरी घेऊन येतात, आणि मग केस, उंची, पोट हे विषय दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघतात. हाही तसाच आला.

वय 27, मूळचा कराडकडचा, हिंजवडीत आयटीत नोकरी, वाकडला फ्लॅटवर दोन मुलांबरोबर राहतो. तक्रार काय तर कामात चुका व्हायला लागल्यात, मॅनेजर दोनदा बोलला. मे महिन्यात खोलीत बसून डोक्यावरची टोपी काढली नाही तेव्हा मला थोडा अंदाज आला होता पण मी विचारलं नाही, त्याचं त्यानेच दुसऱ्या भेटीत काढलं. केस चोविसाव्या वर्षापासून जातायत, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकलेत आणि भोवऱ्यापाशी विरळ झालेत. घरी स्थळं बघणं सुरू आहे, बायोडाटावरचा फोटो तीन वर्षांपूर्वीचा. एका स्थळाकडून मध्यस्थामार्फत निरोप आला की फोटोत आणि प्रत्यक्षात फरक वाटला, आणि तो निरोप आईने जसाच्या तसा फोनवर सांगितला. तिच्या मनात काही नव्हतं, ती चिडली होती त्या लोकांवर. पण त्या दिवसापासून याने ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा लावणं बंद केलं, मित्राच्या हळदीला गेला नाही, आणि रोज रात्री मोबाईलचा टॉर्च लावून माथ्याचे फोटो काढून झूम करून बघायला लागला.

अशा वेळी मी आधी दोन गोष्टी तपासते. एक म्हणजे हे नैराश्य आहे का, जगण्यात रस उरलाय की नाही, जीव द्यायचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारते. दुसरं म्हणजे बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, ज्यात माणूस स्वतःच्या दिसण्यातल्या अशा दोषात अडकून बसतो जो इतरांना दिसतच नाही किंवा नगण्य वाटतो, आणि त्यापायी दिवसातले तासन् तास जातात. याचे केस खरंच गेलेले होते, समोरच्यालाही ते कळत होतं, म्हणून ते निदान बसत नव्हतं, पण आरशात बघण्यात जाणारा वेळ बराच होता म्हणून मी तो मुद्दा उघडा ठेवला आणि बिघडलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं हे त्याच्याशी आधीच बोलून ठेवलं. शिवाय त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण केसांवर उपचार काय होऊ शकतात हे मी सांगणं बरोबर नाही. त्यांनी नॉरवूडच्या मापात तिसरी पायरी सांगितली, भोवऱ्याच्या विरळपणासकट. हे माप एकपासून सातपर्यंत जातं, सात म्हणजे फक्त बाजूची आणि मागची झालर उरलेली.

आता इथे एक गंमत नाही पण विचित्र गोष्ट आहे जी मला या प्रकरणात महत्त्वाची वाटते. पायरी कळली, आकडा मिळाला, तरी त्याचा प्रश्न सुटला नाही, कारण त्याचा प्रश्न केस किती गेले हा नव्हताच, मी कसा दिसतो हा होता. आणि याला मोजपट्टी नाही. लिऑन फेस्टिंगरने 1954 साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला तेव्हा तो मतं आणि कुवत यांच्याबद्दल बोलत होता, दिसण्याबद्दल नाही, पण त्याचं मूळ म्हणणं इथे नेमकं लागू पडतं: माणसाला स्वतःचं मूल्यमापन करायची ओढ असते, बाहेरची पक्की मोजपट्टी नसेल तर तो दुसऱ्या माणसांकडे बघून स्वतःला मोजतो, आणि त्यातही कुणाकडेही बघून नाही, आपल्यासारख्याच माणसांकडे बघून. वजन काट्यावर कळतं, ताप थर्मामीटरने कळतो, पण मी बरा दिसतो का हे कळायला शेजारी कोणीतरी उभं लागतं.

म्हणून मी त्याला म्हटलं, तुम्ही कुणाशेजारी स्वतःला उभं करताय ते आपण आधी बघू. दोन आठवडे मोबाईलच्या नोट्समध्ये लिहायचं, जेव्हा जेव्हा दिसण्यावरून तुलना झाल्याचं लक्षात येईल तेव्हा लगेच. कोण, कुठे भेटला किंवा दिसला, नेमकं काय बघितलं, तो आपल्यापेक्षा वर वाटला की खाली की सारखाच, आणि मनाची अवस्था आधी किती आणि नंतर किती, शून्य ते दहा. वर म्हणजे आपल्यापेक्षा देखणा, खाली म्हणजे आपल्यापेक्षा वाईट स्थितीतला, एवढंच. लगेच लिहायचं हे मी मुद्दाम सांगते, कारण रात्री बसून आठवून लिहिलं की दिवसातली सगळ्यात वाईट तुलनाच आठवते आणि बाकीच्या गळून जातात. एक धोकाही सांगून ठेवते की पहिले काही दिवस त्रास वाढल्यासारखा वाटेल, कारण जे नकळत होत होतं त्याच्याकडे आता लक्ष जातंय. तसं झालं. चौथ्या दिवशी मेसेज आला, "मॅडम, हे लिहायला लागल्यापासून दिवसभर सगळ्यांच्या डोक्याकडेच बघतोय." मी म्हटलं लिहीत रहा, पण आरशासमोर उभं राहून लिहायचं नाही.

नोंदवही घेऊन आला तेव्हा त्याचा स्वतःचा अंदाज असा होता की वर बघितलं की वाईट वाटतं आणि खाली बघितलं की बरं वाटतं, त्यामुळे मी त्याला खाली बघायला शिकवीन. बहुतेक लोक हेच धरून चालतात, आणि त्याला अभ्यासाचा आधार नाही असंही नाही. थॉमस विल्स याने 1981 साली मांडलं होतं की स्वतःबद्दलचं मत धोक्यात आलं की माणूस आपल्यापेक्षा वाईट स्थितीतल्यांकडे बघून सावरतो. आपल्याकडे आया-आज्या तेच सांगतात की आपल्यापेक्षा ज्यांना कमी आहे त्यांच्याकडे बघ. पण नोंदवहीत जे आलं ते या हिशोबात बसत नव्हतं, आणि मला या प्रकरणातलं सगळ्यात शिकण्यासारखं तेच वाटतं म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

आधी वरच्या तुलना घेऊ. तो हिंदी सिनेमे भरपूर बघतो, इन्स्टावर हिरो लोकांचे रील बघतो, त्यांचे केस बघितल्याच्या चार-पाच नोंदी होत्या आणि त्यात मनाचा आकडा जवळपास हललाच नव्हता, सहाचा सहा किंवा फार तर साडेपाच. आणि रूममेट, तो काही हिरो नाही, साधा नाकीडोळी नीटस मुलगा, पण याच्याच वयाचा, याच्याच कॉलेजचा, जवळपास तेवढाच पगार, दोघांची स्थळं एकाच वेळी बघतायत. त्याने अंघोळीनंतर टॉवेलने केस पुसले आणि हाताने मागे सारले, बस एवढंच केलं, आणि इकडे नोंद: आधी सहा, नंतर तीन. हिरोचे केस कापूस पिंजल्यासारखे दाट असले तरी काही होत नाही आणि रूममेटने कंगवा न घेता बाहेर पडलेलं पुरतं.

याचं कारण तेच फेस्टिंगरवालं, जवळचा सारखा माणूस हीच खरी मोजपट्टी. 1983 साली थॉमस कॅश आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या मुलींवर एक प्रयोग केला होता. त्यांना बायकांचे फोटो दाखवले आणि नंतर स्वतःच्या दिसण्याला गुण द्यायला सांगितले. आकर्षक चेहरे बघितलेल्यांनी स्वतःला कमी गुण दिले, हे अपेक्षित होतं. पण तसेच आकर्षक फोटो या व्यावसायिक मॉडेल आहेत असं लिहून दाखवले, तर ती घसरण दिसली नाही. चेहरा आकर्षकच, फक्त ती आपल्यातली नाही एवढं कळलं की मन तिला मोजपट्टी म्हणून धरत नाही. आता यात एक गोष्ट लक्षात घ्या, तो काळ मासिकातल्या मॉडेलचा होता. आज इन्स्टावर जो मुलगा जिमच्या आरशातला फोटो टाकतो तो मॉडेलसारखा दिसतो पण आपल्यातला वाटतो, त्याच्यावर मॉडेल असं लेबल नसतं, फोटो दहा काढून एक टाकलाय हेही दिसत नाही. याच्या नोंदवहीतही हिरोंचे रील बाजूला ठेवले तर कॉलेजच्या ग्रुपवरच्या मुलांचे फोटोच जास्त लागत होते.

मग खालच्या तुलना. केस गेलेल्यांचे ऑनलाइन ग्रुप असतात, तिथे लोक स्वतःच्या डोक्याचे फोटो टाकून कितवी पायरी म्हणून विचारतात. हा रोज रात्री तिथे जायचा आणि पाचवी-सहावी पायरीवाले शोधून बघायचा. नोंद अशी: आधी चार, लगेच नंतर सहा. म्हणजे विल्सचं म्हणणं बरोबर, बरं वाटतं. पण मी त्याला दुसऱ्या आठवड्यात अजून एक आकडा लिहायला सांगितला होता, अर्ध्या तासानंतरचा, आणि तो होता तीन. त्याने शेजारी लिहिलं होतं, "हा माणूस लिहितो की अठ्ठावीसला त्याचे माझ्याएवढेच होते." बघा इथे काय झालं. फोटो बघताना तो माणूस वेगळा होता, दुसरा कोणीतरी, त्याच्यापेक्षा मी बरा. ओळ वाचली आणि तोच माणूस आपला पुढचा स्टॉप झाला. फोटो तोच, दिशा तीच, खालची, पण परिणाम उलटा.

आणि मग वडील. महिन्याअखेर शनिवार-रविवार गावी गेला होता, ती नोंद मी त्याच्या परवानगीने जशीच्या तशी देते: "रविवार सकाळ. पप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, आई त्यांच्या डोक्याला तेल लावत होती, ऊन पडलं होतं डोक्यावर. खाली. आधी 6, नंतर 1." अख्ख्या नोंदवहीत एकवर गेलेली ही एकच नोंद. रूममेट नाही, कॉलेजचा ग्रुप नाही, ते नकाराचं स्थळही नाही. वडील, ज्यांच्यापुढे त्याने स्वतःच्या हाताने खाली असं लिहिलंय, म्हणजे हिशोबाने त्यांना बघून बरं वाटायला हवं होतं.

मी ती ओळ वाचून दाखवली आणि विचारलं, इथे तुम्ही काय बघितलं? बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "मी पप्पांना बघितलंच नाही मॅडम, मी मला बघितलं."

हे नीट समजून घ्यायला हवं कारण यावर पुढचं सगळं काम उभं राहिलं. तुलना केली की दोनपैकी एक होऊ शकतं. एक, मन त्या माणसाला आपल्यापासून वेगळं काढतं आणि मग त्याच्या समोर आपण उलटे दिसतो, तो देखणा तर मी कुरूप, तो वाईट तर मी बरा. याला विरोध म्हणूया. दुसरं, मन त्याला आपल्यातच धरतं, तो आणि मी एकच, आणि मग त्याची स्थिती आपल्यावर उतरते, तो देखणा तर मीही काही कमी नाही, तो वाईट तर मीही त्याच वाटेवर. याला सामावणं म्हणूया. वर बघायचं की खाली यावरून भावना ठरत नाही, वर-खाली अधिक विरोध-सामावणं असे चार कोपरे होतात आणि माणूस कुठल्या कोपऱ्यात उभा आहे त्यावरून ठरतं. रूममेट म्हणजे वर आणि विरोध. ग्रुपवरचा फोटो पहिल्या दहा मिनिटांत खाली आणि विरोध, नंतर खाली आणि सामावणं. वडील सरळ खाली आणि सामावणं, आणि तिथे मधे काही अंतरच नाही, नाक तेच, कपाळ तेच, आणि केस जाण्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो हे त्याने इंटरनेटवर वाचून पाठ केलेलं.

पेनेलोपी लॉकवूड या संशोधिकेने 2002 साली हेच दाखवलं होतं, दिसण्याच्या बाबतीत नाही, पण यंत्रणा तीच: खालच्या माणसाचं जे झालं ते आपलंही होऊ शकतं असं वाटलं तर खालची तुलना धीर देत नाही, ओढून खाली नेते. आणि वरच्या बाजूला जवळीक कशी काम करते ते ब्राउन आणि सहकाऱ्यांच्या 1992च्या अभ्यासात आहे, तो तर थेट दिसण्यावरच होता: समोरची आकर्षक बाई परकी असेल तर स्वतःला कमी गुण दिले जातात, पण आपला वाढदिवस एकच आहे अशासारख्या छोट्याशा धाग्याने ती आपल्यातली वाटली तर परिणाम फिरतो. म्हणजे जवळीक दोन्हीकडे कापते, रूममेट मोजपट्टी होण्याइतका जवळचा आहे पण स्पर्धेत आहे म्हणून विरोध, आणि वडील इतके जवळचे की विरोध शक्यच नाही. इथे एक सांगायला हवं की सरासरीत पारडं विरोधाकडेच झुकतं. साठ वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2018मध्ये आला त्यात हेच होतं की लोक निवड असेल तर वरच बघतात आणि बहुतेक वेळा त्याचा परिणाम विरोधाचाच होतो, म्हणजे स्वतःबद्दलचं मत खाली येतं. त्यामुळे देखण्या लोकांचे फोटो लावा म्हणजे प्रेरणा मिळेल असा सल्ला मी कुणाला देत नाही.

नोंदवहीत अजून एक नोंद होती जी मला फार कामाला आली. ऑफिसमधले एक सीनियर, वय चाळीसच्या आसपास, पूर्ण टक्कल, उरलेलंही वस्तऱ्याने साफ करतात, दाढी नीट राखलेली, शर्ट इस्त्रीचा. त्यांच्या नावापुढे याने आधी खाली लिहिलं, मग खोडून वर लिहिलं, मग प्रश्नचिन्ह टाकलं. आकडा पाचाचा सहा झालेला. मी विचारलं प्रश्नचिन्ह का. म्हणाला केस बघितले तर खाली आहेत, पण दिसतात भारी. म्हणजे त्याच्याच हाताने त्याने लिहून ठेवलं होतं की केस आणि दिसणं या दोन वेगळ्या रकान्यातल्या गोष्टी आहेत, आणि बाकी सगळ्या नोंदींत त्याने त्या एकच धरल्या होत्या. वर-खाली हे माणसाला लागत नाही, कुठल्या गोष्टीत ते आधी ठरवावं लागतं.

काम तीन बाजूंनी केलं.

पहिलं तपासणं कमी करणं. रात्रीचे टॉर्चवाले फोटो बंद, त्याऐवजी महिन्यातून एकदा, ठरलेल्या खिडकीपाशी, दिवसाउजेडी, कोरड्या केसांत, समोरून आणि माथ्याचा असे दोन फोटो, आणि ते स्वतः झूम न करता डॉक्टरांना दाखवायचे. याला कारण आहे. ओले केस, वरून पडणारा पिवळा बल्ब आणि जवळून मारलेला टॉर्च यात कुणाचंही डोकं विरळच दिसतं, आणि मग कालचा फोटो आणि आजचा फोटो अशी स्वतःशीच तुलना सुरू होते जिच्यात फरक केसांचा नसतो, प्रकाशाचा असतो. डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल सुरू केलं होतं. ते लावायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळू शकतात, जुने केस पडून नवे यायला जागा होते म्हणून, आणि फरक कळायला चार-सहा महिने जातात. हे डॉक्टरांनी सांगितलेलं तरी तिसऱ्या आठवड्यात उशीवरचे केस मोजून त्याने औषध बंद करायचं ठरवलं होतं. फोटो महिन्यातून एकदाच हा नियम त्यावेळी उपयोगी पडला, नाहीतर रोजच्या फोटोंनी त्याची खात्रीच पटली असती.

दुसरं त्या ग्रुपचं. मी बंद कर म्हटलं नाही, नोंदवहीतले अर्ध्या तासानंतरचे आकडे त्याच्यासमोर ठेवले आणि हे कशासाठी करताय एवढं विचारलं. बरं वाटायला, म्हणाला. आणि वाटतं का? दहा मिनिटं. त्याने स्वतःच दोन आठवडे सोडून बघितला. खालच्या तुलनेचा हा दुसरा तोटा आहे जो आकड्यात पटकन दिसत नाही, की तिच्यातून बरं वाटलं तरी केस हाच निकष अजून पक्का होतो. दुसऱ्याला त्याच्या केसांवरून खालचा ठरवला की आपण मनात एक नियम लिहून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी रूममेट बाथरूममधून बाहेर आला की तोच नियम आपल्यावर चालतो. शिवाय अपराधीही वाटतं, त्याला वाटत होतं, कुणाच्या तरी दुःखावर आपण बरं वाटून घेतोय असं.

तिसरं वडिलांचं, आणि यात मला सगळ्यात जास्त वेळ लागला. सामावणं मोडून काढायचं, म्हणजे मी पप्पांसारखा नाही असं म्हणायला लावायचं, हा एक रस्ता होता पण तो खोटा ठरला असता, तो बऱ्यापैकी त्यांच्यासारखाच आहे. म्हणून उलट केलं. सामावणं तसंच ठेवलं आणि ज्यांच्यात सामावतोय तो माणूस पूर्ण बघायला सांगितला. आत्तापर्यंत वडील म्हणजे फक्त एक डोकं होतं. मी त्याला म्हटलं पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा त्यांना विचारा की त्यांचे केस कधी गेले आणि तेव्हा त्यांना काय वाटलं. तो म्हणाला आमच्यात असं बोलत नाहीत. बोलत नाहीत हे खरंच आहे, आपल्याकडे बाप आणि मुलगा दिसण्यावर कधी बोलतात. तरी त्याने विचारलं, शेतावरून येताना गाडीवर, मागे बसून, म्हणजे तोंड बघायला लागणार नाही. वडील म्हणाले, "लग्नातच अर्धे नव्हते. फेटा काढल्यावर तुझी आजी, म्हणजे आईची आई, बघतच राहिली. मला लई वाईट वाटलेलं तेव्हा. मग कामाला लागलो, कुठं ध्यानात राहतंय." आणि थोड्या वेळाने, "तुझंबी जाणार. औषध लाव, पण टोपी काढ, डोकं उबतं."

यात मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे वाईट वाटलं होतं हे वडिलांनी कबूल केलं, त्यामुळे तो एकटा पडला नाही. त्यांनी नुसतं काय होतंय त्याला असं म्हटलं असतं तर ते उपदेश झालं असतं. दुसरं म्हणजे पुढचा स्टॉप म्हणून जे उजाड डोकं दिसत होतं तिथे आता लग्न, फेटा, सासू, काम असं सगळं आलं. पुढच्या वेळी गावाकडच्या नोंदीत वडिलांपुढे त्याने खाली लिहिलंच नाही, सारखे असं लिहिलं, आणि आकडा सहाचा पाच. वर गेला नाही. पण एकवरून पाचवर आला.

याच काळात बायोडाटावरचा फोटो बदलला. हे मी सुचवलं तेव्हा घरी विरोध झाला, आई म्हणाली आधी बघू तर दे लोकांना. पण जुना फोटो ठेवला की प्रत्येक बघण्याच्या कार्यक्रमात समोरचे लोक त्याची तुलना त्याच्याच चोवीस वर्षांच्या फोटोशी करतात, आणि ती तुलना तो दर वेळी हरणारच. स्वतःचा जुना फोटो हीसुद्धा वरचीच तुलना असते, आणि सगळ्यात जवळच्या माणसाशी. नवा फोटो गेल्यावर आलेली स्थळं कमी झाली. हे त्याला लागलं आणि मी ते गोड करून सांगितलं नाही. आपल्याकडे लग्नाच्या बाजारात दिसण्यावरून निवड होते, बाहेरचा हा दबाव मनाचा भ्रम नाही आणि समुपदेशनाने तो जात नाही. पण जे आले ते बघून आलेले होते.

काय बदललं आणि काय नाही ते स्पष्ट सांगते. कॉलवर कॅमेरा सुरू झाला, टोपी ऑफिसात काढतो, उन्हात घालतो. आरशासमोरचा वेळ कमी झाला आणि कामातल्या चुकाही, त्यातला किती भाग झोप सुधारल्यामुळे ते मी वेगळं काढू शकत नाही. रूममेटचं मात्र फारसं हललं नाही. त्याचं लग्न ठरलं आणि त्या आठवड्यात सगळे आकडे परत तीन-चारवर आले, आणि मला वाटतं तिथे केसांचा विषय कमी आणि मागे राहिल्याचा जास्त होता, तुलना दिसण्यावरून लग्नावर सरकली होती. त्यावर आम्ही वेगळं काम करतोय.

या प्रकरणावरून कुणी सरसकट नियम काढू नये. हा एकच माणूस आहे, शेजारी तुलनेला दुसरा नाही, आणि आकडे त्याने स्वतःच दिलेले. काही फरक औषधाचा असेल, काही नुसता वेळ गेल्याचा. मी वर सांगितलेले दिसण्यावरचे प्रयोग मुख्यतः कॉलेजातल्या मुलींचे आहेत आणि तेही पाश्चात्त्य, ते कराडच्या एका मुलाला लावताना मी त्यांचा उपयोग प्रश्न कुठे विचारायचा हे कळण्यापुरता केला, उत्तर नोंदवहीतूनच घेतलं. आणि ज्याला नैराश्य आहे किंवा दिसण्याच्या विचारात दिवसाचे तास जातायत, त्याच्या हातात नुसती अशी नोंदवही देऊ नये, ती आणखी एक आरसा होऊन बसते, तिथे आधी मानसोपचारतज्ज्ञ.

सध्याचा प्रश्न हेअर ट्रान्सप्लांटचा आहे. एका क्लिनिकच्या पेजवरचे आधीचे-नंतरचे फोटो त्याने मला दाखवले आणि ही वरचीच तुलना आहे ना, पण हिच्याने मला बरं वाटतं, असं म्हणाला. बरोबर आहे, कारण तिथे गाठता येईल असं वाटतंय, म्हणून सामावणं होतंय. मी फक्त दोन फोटोंमधला प्रकाश बघायला सांगितला, आधीचा ओल्या केसांत वरच्या बल्बखाली आणि नंतरचा कोरड्या, विंचरलेल्या केसांत समोरून. त्वचारोगतज्ज्ञांचं म्हणणं असं की मागच्या बाजूचे केस, जे काढून पुढे लावतात, ते मर्यादित असतात आणि गळणं स्थिर व्हायच्या आधी लावले तर पुढचे लावलेले राहतात आणि त्यांच्या मागचे जात राहतात. त्यामुळे निदान वर्षभर औषध आणि महिन्याचा एक फोटो, मग ठरवायचं, असं त्याने घरी सांगितलंय.